उकडलेल्या अंड्यातलं हिरवं कडं: प्रकल्प नोंदी

३ मार्च

वहिनींचं कॅन्टीन आहे छोटंसं, रोज सकाळी नाश्त्याला तीसेक अंडी उकडतात. काल त्यांनी फोटो पाठवला, अंडं मधोमध कापलेलं, पिवळा बलक बाहेरून हिरवट करडा झालेला. खाली लिहिलंय, "भाऊजी, हे लोक म्हणतात अंडी खराब आहेत, ताट परत पाठवतात. दुकानदार बदलू का?" मी म्हटलं थांबा जरा, दुकानदाराचा काही संबंध नसणार, बघतो मी. तर म्हणून ही वही. काय केलं, काय दिसलं, तेवढंच लिहून ठेवतोय, म्हणजे शेवटी त्यांना एक नीट पद्धत देता येईल.

आधी माहीत असलेलं लिहून टाकतो. ते हिरवं कडं म्हणजे फेरस सल्फाइड, लोह आणि गंधक एकत्र येऊन झालेला पदार्थ. लोह पिवळ्या बलकात असतं, पांढऱ्यात जवळजवळ नसतंच. गंधक पांढऱ्यातल्या प्रथिनांमध्ये भरपूर. अंडं जास्त वेळ तापलं की पांढऱ्यातली ही प्रथिनं थोडी थोडी तुटतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, सडक्या अंड्याला ज्याचा वास येतो तोच, फक्त अगदी नखभर. हा वायू बलकाच्या पृष्ठभागाशी पोचला की तिथल्या लोहाशी जुळतो आणि रंग धरतो. म्हणून कडं नेमकं पांढऱ्या आणि पिवळ्याच्या सीमेवरच दिसतं, आत नाही, बाहेर नाही. १९२० साली टिंकलर आणि सोअर या दोघांनी बायोकेमिकल जर्नलमध्ये यावर पेपरच छापला होता, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हे कळलेलं आहे, आणि तरी लोक अजून ताटं परत पाठवतायत.

खायला काही धोका नाही. वहिनींना तेवढं लगेच कळवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते खरं असेल हो, पण गिऱ्हाईक रंग बघतं, ते तुमचा पेपर वाचणार नाही." हे मान्य.

५ मार्च

आज जास्त उकडलेलं अंडं मुद्दाम बनवून जवळून बघितलं. अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवलं, गॅस बंद केल्यावर त्याच पाण्यात तसंच राहू दिलं. सोलून, सुरीने न कापता पांढरा भाग हाताने फोडून काढला म्हणजे बलक अख्खा गोळा निघाला. पूर्ण गोळ्यावर करडा हिरवा थर, मध्येमध्ये ठिपके, आणि थर इतका पातळ की नखाने हलकं खरवडलं तर खालून पिवळं दिसतं. गोळा मधून तोडला तर आत नेहमीचा पिवळा, जरा जास्तच कोरडा आणि भुसभुशीत. वासही आला, गंधकाचा, पण अंगावर येणारा नाही.

मग त्या थरावर लिंबाचा थेंब टाकला. फेरस सल्फाइड आम्लात विरघळतं आणि परत तोच वायू सुटतो, तर बघायचं होतं. थेंब पडला तिथे रंग हळूहळू फिका झाला आणि नाक जवळ नेल्यावर वास मात्र वाढला. म्हणजे रंग घालवता येतो पण वास घेऊन, त्यामुळे हा काही कॅन्टीनमधला उपाय नाही, फक्त पदार्थ तोच आहे याची खात्री झाली.

खराब अंडं ओळखायचं कसं हेही वहिनींसाठी लिहून ठेवतो. नासलेल्या अंड्याचा वास फोडल्या फोडल्या घरभर होतो, आणि त्यात पांढराच रंग बदलतो किंवा सगळंच पातळ होऊन एकत्र होतं. इथे पांढरं स्वच्छ पांढरं आहे, बलक आतून पिवळा आहे, रंग फक्त सीमेवरच्या कागदासारख्या थरात आहे. एवढं दिसलं तर ते शिजवण्याचं काम, अंड्याचं नाही.

८ मार्च

आता खरा प्रश्न. किती तापल्यावर आणि किती वेळ? वायू साधारण ७० अंशाच्या वर नीट सुटायला लागतो आणि तापमान वाढेल तसा वेग वाढतो. एक आकडा ठरवता येत नाही की इथे सुरू इथे बंद, पण ७० ही रेघ धरून चाललं तर हिशोब बरा लागतो. म्हणजे बघायचं ते एवढंच की बलकाची कड ७० च्या वर किती मिनिटं राहते.

त्यासाठी बारीक सुईचा प्रोब थर्मामीटर घेतला. टरफलाला टाचणीने भोक पाडून सुई आत घालायची, बाजूने पाणी शिरू नये म्हणून भोवती थोडी कणीक लावायची. सुई केंद्रापर्यंत न नेता बलकाच्या कडेपर्यंतच ठेवायची, हे अंदाजानेच होतं, मग अंडं कापल्यावर सुई कुठे होती ते बघून घेतलं. मध्यम आकाराचं अंडं, खोलीच्या तापमानाचं, सरळ उकळत्या पाण्यात सोडलं.

कड ७० ला पोचायला साधारण साडेचार-पाच मिनिटं लागली. बाराव्या मिनिटाला ती नव्वदच्या थोडी वर. केंद्र तेव्हा ऐंशीच्या आसपासच, म्हणजे बलक पूर्ण घट्ट पण अजून ओलसर. तर बारा मिनिटं उकडताना कडेला तापलेला काळ मिळाला साधारण सात मिनिटांचा. एवढ्यात कडं दिसत नाही, किंवा दिसलं तर सावलीइतकं.

आणि इथेच मजा आहे. तेच अंडं बाराव्या मिनिटाला बाहेर काढून ताटलीत ठेवलं, पंखा बंद. कड ७० च्या खाली यायला आणखी तेरा-चौदा मिनिटं लागली. म्हणजे भांड्यात जितका वेळ ते "धोक्यात" होतं त्याच्या दुप्पट वेळ ते ताटलीत बसून होतं. आपल्याला वाटतं गॅस बंद केला म्हणजे उकडणं संपलं, तसं अजिबात नाही. कापल्यावर कडं होतंच, फिकट पण स्पष्ट.

मग दुसरं अंडं तसंच, पण बाराव्या मिनिटाला बर्फाच्या पाण्यात. कड दीडेक मिनिटातच ७० च्या खाली. कापलं तर स्वच्छ पिवळं. दोन्ही अंडी शेजारी ठेवून फोटो काढून वहिनींना पाठवले, त्यांचं उत्तर आलं, "एकाच पाण्यात उकडलेली? खोटं वाटतंय." एकाच पाण्यात, एकाच वेळेला, एकाच ट्रेमधली.

प्रोबने अजून एक दिसलं. बर्फात टाकलं तरी केंद्र लगेच गार होत नाही, उलट पहिला काही वेळ ते अजून थोडं वर चढतं, कारण बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत असते, आणि ते ७० च्या खाली यायला चार-पाच मिनिटं जातात. पण त्याने बिघडत नाही, कारण कडं केंद्रात होतच नाही, कडेला होतं, आणि कड बाहेरच्या जवळ असल्यामुळे लवकर गार होते. म्हणून अंडं हातात धरून अजून आत गरम लागलं तरी घाबरायचं कारण नाही. फक्त बाहेर काढून ठेवू नये, दहा-बारा मिनिटं पाण्यातच राहू द्यावं, नाहीतर आतली उष्णता परत बाहेर येऊन कड तापते.

९ मार्च

थोडं सैद्धांतिक, पण लिहून ठेवतो कारण यावरून पुढच्या गोष्टी सुटतात. गार पाण्याचा फायदा फक्त "वेळ वाचतो" एवढाच नाही, वायूची दिशाही बदलते. वायू पाण्यात किती विरघळतो ते तापमानावर असतं, गार भागात जास्त विरघळतो आणि तापलेल्या भागात कमी. उकडताना बाहेरचं पांढरं सगळ्यात गरम आणि बलक त्यामानाने गार, म्हणून पांढऱ्यात सुटलेला वायू आतल्या बाजूला, बलकाकडे ढकलला जातो. अंडं बर्फात टाकलं की उलट होतं, टरफलाकडचा भाग आधी गार होतो आणि उरलासुरला वायू बाहेर जायला लागतो. टरफलाला सूक्ष्म छिद्रं असतातच, त्यातून तो निघून जातो.

म्हणजे ताटलीत ठेवलेल्या अंड्याचं दुहेरी नुकसान, एकतर वायू सुटत राहतो आणि दुसरं म्हणजे त्याला बाहेर खेचणारं काही नसतं.

१२ मार्च

आज जुनी-नवी अंडी. हे वहिनींना विचारलं की तुमची अंडी किती दिवसांची असतात, तर म्हणाल्या "आठवड्याचा माल एकदम घेते, मग वापरते, शेवटची शेवटची थोडी जुनी होतातच." तेव्हा हे बघायलाच हवं होतं.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. दिवस जातात तसा तो टरफलाच्या छिद्रांतून बाहेर पडतो आणि पांढरं हळूहळू अल्कधर्मी होत जातं, पीएच साडेसातच्या आसपासून नऊच्या वर जातो, खोलीच्या तापमानाला तर काही दिवसांतच. बलक मात्र सहाच्या आसपासच राहतो. आणि अल्कधर्मी पांढऱ्यात गंधकाचा वायू जास्त सहज सुटतो. म्हणून जुन्या अंड्याला तेवढ्याच वेळात गडद कडं येतं.

वय ओळखायला पाण्याच्या भांड्यात टाकून बघितलं. ताजं आडवं तळाशी बसतं, जुनं उभं राहायला बघतं कारण आतली हवेची पोकळी वाढलेली असते. तरंगलं तर वापरायचंच नाही. आडवं बसणारं आणि उभं राहणारं, अशी दोन घेऊन दोन्ही पंधरा मिनिटं उकडून ताटलीत ठेवली. ताज्यात धूसर, जुन्यात ठसठशीत. मग तशीच दोन परत घेऊन बारा मिनिटं उकडून बर्फात टाकली. दोन्ही स्वच्छ. म्हणजे वय महत्त्वाचं आहे पण ते दुसऱ्या क्रमांकावर, वेळ आणि गार करणं नीट असेल तर जुनं अंडंही वाचतं.

इथे एक गुंता आहे, तो वहिनींनीच काढला. "एकदम ताजी अंडी घेतली तर सोलायला जीव जातो, अर्धं पांढरं टरफलाबरोबर निघून येतं." बरोबर आहे, कारण तोच. ताज्या अंड्याचं पांढरं कमी अल्कधर्मी असल्यामुळे ते आतल्या पातळ पडद्याला घट्ट चिकटतं. म्हणजे सोलायला जुनं चांगलं आणि रंगाला ताजं चांगलं, दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. माझं मत असं झालंय की फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेली अंडी घ्यावीत आणि रंगाची काळजी गार करण्याने घ्यावी, कारण गार करणं आपल्या हातात आहे. आणि थंड पाण्यात ठेवून गरम करण्यापेक्षा उकळत्या पाण्यात सोडली तर टरफलही बरं सुटतं, वेळही नेमका मोजता येतो. फ्रिजमधून थेट काढलेली असतील तर मिनिटभर जास्त धरायचं.

१५ मार्च

वहिनींकडे जाऊन त्यांची पद्धत आहे तशी बघितली, काही न सांगता. मोठं पातेलं, तीस अंडी, वर गार पाणी, झाकण. उकळी फुटली की टायमर पंधरा मिनिटांचा. मग गॅस बंद. मग "दुसरं काम आटोपून येते", म्हणजे वीस-एक मिनिटं अंडी त्याच गरम पाण्यात झाकणाखाली. मग गरम पाणी ओतून त्यात नळाचं पाणी, अंडी बुडतील एवढंच, आणि मग सोलायला बसणं.

मी काही बोललो नाही पण वहीत लिहिलं, हे म्हणजे मी अर्धा तास उकडून मुद्दाम बनवलेलं अंडंच झालं. उकळत्या पाण्यात पंधरा आणि वर झाकून वीस, कड सगळा वेळ ७० च्या वर. कापली तेव्हा जवळजवळ प्रत्येकात कडं, आणि जी पातेल्याच्या मध्ये होती त्यात जास्त.

वहिनींनी विचारलं मीठ घालते, त्याने फरक पडतो का? नाही पडत. मीठ टरफल ओलांडून आत काही करत नाही, फुटलेल्या अंड्याचं पांढरं लवकर थिजतं, तेवढाच फायदा. व्हिनेगर? तेही बाहेर टरफलावर काम करतं, दहा-बारा मिनिटांत आतल्या पांढऱ्यापर्यंत पोचून त्याचा पीएच बदलेल असं होत नाही. पातेलं लोखंडी असल्यामुळे? त्यांचं स्टीलचंच आहे, आणि लोह बलकाचं स्वतःचंच पुरेसं आहे.

त्यांच्या मदतनीस काकू म्हणाल्या आम्ही घरी कुकरमध्ये करतो, फटाफट होतं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी शंभरच्या वर, १२० च्या आसपास जातं, त्यामुळे वायूही जास्त वेगाने सुटतो. आणि शिट्टी झाल्यावर दाब आपोआप उतरेपर्यंत आपण थांबतो तो सगळा वेळ अंडी अतिगरमच. तेव्हा कुकर केलाच तर वेळ कमी आणि दाब लगेच सोडून अंडी गार पाण्यात. तीस अंड्यांसाठी मी तरी सांगणार नाही.

१६ मार्च

आज गार करण्याचा हिशोब, कारण माझ्याकडे एक-दोन अंडी बर्फात टाकणं आणि तिकडे तीस टाकणं यात बराच फरक आहे हे काल डोळ्यांनी दिसलं.

तीस अंडी, एकेक ५५ ग्रॅम धरलं तर मिळून १.६५ किलो. अंड्याला पाण्यापेक्षा थोडी कमी उष्णता लागते, एक किलोला एक अंश चढायला ३.४ किलोज्यूल, पाण्याला ४.२. बाहेर काढताना अंड्याचं सरासरी तापमान नव्वद धरतो, नळाचं पाणी २७.

जेमतेम बुडतील एवढं, म्हणजे दीड लिटर पाणी घातलं तर सगळं मिळून शेवटी ५७ अंशाला येऊन थांबतं. हे काही गार पाणी नाही, हे अंघोळीच्या पाण्यापेक्षा गरम. आणि हे सरासरी झालं, ढिगाच्या मधल्या अंड्यांना तर त्यांनीच तापवलेलं पाणी चिकटलेलं असतं, तिथे अजून वर. म्हणून मधली जास्त हिरवी.

त्याऐवजी चार लिटर पाणी घेतलं तर शेवट ४३ वर. आणि दोन-तीन मिनिटांनी ते पाणी फेकून पुन्हा चार लिटर नवीन घातलं तर ३१ वर. म्हणजे बर्फ नसला तरी चालतं! दोनदा पाणी बदलणं आणि पाणी भरपूर असणं, हे पुरतं. चार अंडी असतील तर चार लिटरात सुरुवातीलाच तीसच्या आसपास, म्हणून घरी कधी हा प्रश्नच कळत नाही.

मी हे वहिनींना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे रोज बर्फ आणायचा खर्च नको?" नको. फक्त मोठं टब पाहिजे आणि हात फिरवत राहायचं, म्हणजे अंड्यांभोवतीचं गरम पाणी हलतं. नळ बारीक सोडून पाणी वाहतं ठेवलं तर अजून उत्तम, पण पाणी जपायचं असेल तर दोनदा बदलणं बरं.

१९ मार्च

पद्धत ठरवली आणि आज कॅन्टीनमध्ये करून बघितली. लिहितो तशी.

मोठं पातेलं, पाणी पूर्ण उकळतं, खळाखळा. अंडी तारेच्या जाळीदार टोपलीत. टोपली महत्त्वाची आहे, कारण झाऱ्याने एकेक काढायला गेलं तर पहिलं आणि शेवटचं यात सहज दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो आणि शेवटची दहा अंडी विनाकारण जास्त शिजतात. टोपली एकदम आत, एकदम बाहेर. दोन टोपल्या आहेत, त्यामुळे पंधरा-पंधराच्या दोन बॅच घेतल्या, तीस एकदम टाकली तर उकळी बसते आणि परत यायला काही मिनिटं जातात, मग टायमर कुठून धरायचा हाच गोंधळ. पंधराला उकळी लवकर परत येते. गॅस पूर्ण ठेवायचा आणि टायमर अंडी आत गेल्या क्षणापासूनच, मिनिटं मात्र बाराऐवजी तेरा धरली.

तेरा मिनिटं झाली की टोपली उचलून थेट गार पाण्याच्या टबात, वाटेत निथळत ठेवायचं नाही. हाताने फिरवत राहायचं. तीन मिनिटांनी पाणी ओतून नवीन पाणी. दहा मिनिटं तिथेच. दुसऱ्या पाण्यात टरफल जरा ठोकून तडे दिले, पाणी आत शिरतं आणि सोलायला सोपं जातं.

पहिल्या बॅचमधली पाचेक कापली, स्वच्छ. वहिनी एक अंडं उलटं-पालटं करून बघत होत्या, म्हणाल्या, "पिवळं किती पिवळं दिसतंय." नेहमी असंच असतं, आपण हिरव्याची सवय करून घेतली होती. दुसऱ्या बॅचमधल्या दोनांत मात्र हलकी करडी रेघ होती. त्या टोपलीला टबात आधीच्या बॅचचं दुसरं पाणी तसंच होतं, हात घालून बघितलं तर कोमट. म्हणून आता प्रत्येक बॅचला पाणी नवीन, हा नियम जोडला.

२२ मार्च

वाटलं होतं संपलं, पण वहिनींचा आज फोन. सकाळी सगळी पिवळी होती, दुपारी परत हिरवी झाली! कसं काय? विचारलं दुपारी काय केलं, तर सोललेली अंडी रश्शात टाकून मंद गॅसवर "जरा मुरायला" ठेवली होती, अर्धा तास.

तर हे नवीन नाही, तेच परत. पांढऱ्यात गंधक अजून आहेच, लोहही कुठे जात नाही, पुन्हा तापवलं की वायू पुन्हा सुटतो, आणि रस्सा मंद उकळत असला तरी तो ८५-९० च्या घरातच असतो. गार होताना बाहेर निघून गेला तो उरलासुरला वायू, पण बनवण्याचा कारखाना आतच आहे. गरम डब्यात किंवा वाफेच्या ट्रेवर तासभर ठेवली तरी तेच होतं. म्हणून अंडी घालायची ती सर्वात शेवटी, वाढायच्या आधी पाचेक मिनिटं, फक्त गरम होण्यापुरती. फ्रिजमधल्या गार अंड्याची कड ७० ला पोचायलाच इतका वेळ लागतो की पाच मिनिटांत रंगाचा प्रश्नच येत नाही. चव आत शिरावी म्हणून लोक आधी घालतात हे कळतं, त्यासाठी अंड्याला सुरीने चिरा द्याव्यात, तेवढंच पुरतं.

२५ मार्च

वहिनींच्या भिंतीवर चिकटवायला कागद करून दिला, यातलंच, पाच ओळीत: पाणी उकळल्यावर अंडी, पंधराची टोपली, तेरा मिनिटं टायमर, टबात चार लिटर पाणी, हलवत राहा, तीन मिनिटांनी पाणी बदला, मग दहा मिनिटं, रश्शात शेवटची पाच मिनिटं. काकूंनी विचारलं अंडी मोठी आली तर? मोठ्या अंड्याला मिनिटभर जास्त, आणि पहिल्यांदा एक कापून बघायचं, मध्ये ओलसर नको असेल तर अजून अर्धं मिनिट, त्यापुढे नाही. ट्रे कधी बदलला, आकार बदलला की तेवढं एक अंडं कापून बघायचं हे मी कागदावर खाली पेनाने लिहिलंय.

ताटं परत येणं थांबलंय असं वहिनी म्हणतात. आता त्यांचा प्रश्न उंचावरचा आहे, डोंगरावरच्या शिबिराला त्यांना पुढच्या महिन्यात नाश्ता द्यायचाय. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं, म्हणजे दीड हजार मीटरवर ९५ च्या आसपास. तिथे कड तापायला थोडा जास्त वेळ लागेल पण वायूही जरा हळू सुटेल, त्यामुळे कडं कमी येईल, फक्त बलक घट्ट व्हायला मिनिट-दीड मिनिट वाढवावं लागेल. टोपली आणि टब न्या म्हणालो, आणि पाण्याची टाकी जवळ आहे का ते आधी विचारून घ्या.